आधार आणि पीएफमधलं नाव जुळवताना

"आधारवर Suneeta आणि पीएफ खात्यात Sunita आहे. क्लेम नाकारतील का?"

हो, नाकारू शकतात, कारण पडताळणीत उच्चार नाही, अक्षरं जुळवली जातात. मी कंपनीत पीएफचं काम बघते. अशा वेळी आधी दहावीचं प्रमाणपत्र, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून बघा. तिन्हींवर Sunita असेल तर आधार दुरुस्त करा, पीएफला हात लावू नका. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधार केंद्रात मिळालेल्या पावतीवरचं स्पेलिंग तिथेच नीट वाचा. तिन्हींवर Suneeta असेल, तर चूक पीएफची. यूएएन पोर्टलवर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नोंद दुरुस्तीचा अर्ज, भरा. नोंद बदललेली दिसली की मगच क्लेम टाका. लग्नानंतर आडनावच बदललं असेल, तर आधारसाठी विवाह प्रमाणपत्र लागेल.