शस्त्र तुटण्यात मजा कुठे आणि कटकट कुठे?

प्रश्न: आम्ही नागपूरचे तिघे मित्र तलवारबाजीचा एक छोटा गेम बनवतोय. तलवारी झिजतात आणि गावातल्या लोहाराकडे दुरुस्त कराव्या लागतात. ज्यांना खेळायला दिला ते सगळे म्हणतात, नुसती कटकट आहे. ही सिस्टीम काढूनच टाकायची का?

उत्तर:

झीज राहू द्या, आधी लोहाराकडे बघा. त्याच्याकडे जायचं, चार नाणी द्यायची, बटण दाबायचं, यात "नको, आज करत नाही" असं कोण म्हणेल? मे महिन्यात रोज संध्याकाळी कूलरची टाकी भरतो तसं ते काम आहे. भरावीच लागते, त्यात ठरवायचं काहीच नसतं. ठरवायची वेळ येते ती रात्री दोनला, टाकी तळाला गेली आणि नळाला पाणी नाही तेव्हा. झिजेचा ताणही तसाच मारामारी चालू असताना यायला हवा.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (2017) या गेममध्ये साध्या तलवारीला दुरुस्ती जवळपास नाहीच, ती तुटतेच. त्यातली नाइट्स ब्रॉडस्वर्ड घ्या. तिचा हल्ला 26 आणि आयुष्य 27 घावांचं. ज्या घावाला ती तुटते तो दुप्पट बसतो. म्हणजे 26 घावांचे 676 आणि शेवटच्याचे 52, एकूण 728. आता समोरचा शत्रू, लाल बोकोब्लिन, फक्त 13 जीवाचा. तो एका घावात मरतो, पण घावातली अर्धी ताकद वाया जाते. तेच काम 5 हल्ल्याची, 20 घावांची ट्रॅव्हलर्स सोर्ड तीन घावांत करते, आणि एका तलवारीत असे सात लाल आटोपतात. म्हणून प्रत्येक झटापटीत कोणती तलवार कुणावर खर्चायची हे ठरवावं लागतं. तलवार संपत आल्याचा इशारा दिसला की ती फेकून मारायची. फेकलेली तलवार तुटताना दुप्पट लागते, त्यामुळे तुटणं हासुद्धा एक डाव होतो. किती घाव उरले याचा आकडा खेळाडूला दिसत नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. आकडा दिसला की माणूस शत्रू सोडून हिशेब मांडत बसतो.

हाच गेम पुढे कुठे रटाळ होतो तेही याच आकड्यांत दिसतं. तुम्ही जसजसे शत्रू मारता तसतसे जास्त जीवाचे शत्रू येऊ लागतात: निळा बोकोब्लिन 72, काळा 240, चंदेरी 720. चंदेरीसाठी साध्या घावांनी ती 728 ची अख्खी तलवार जाते, आणि बदल्यात बहुतेक वेळा त्याच्या हातातलं एक शस्त्र मिळतं. आवक-जावक सारखी! मग लोक लढाई टाळून बाजूने पळतात, आणि चांगली तलवार लग्नातल्या शालूसारखी जपून ठेवतात.

तुमच्या टेस्टमध्ये हेच होतंय का ते ओळखणं सोपं आहे. खेळ संपल्यावर झोळी उघडा. सगळ्यात भारी तलवार न वापरलेली पडली असेल, तर हल्ला गुणिले घाव हा आकडा त्या टप्प्यावरच्या शत्रूच्या जीवाशी ताडून बघा. माझा अंदाज असा की एका तलवारीत त्या टप्प्यावरचे साधे शत्रू तीन-चार तरी मरावेत आणि त्यांच्याकडून मिळणारं शस्त्र खर्चापेक्षा थोडं जास्तच भरावं. त्याखाली गेलं की चिडचिड सुरू.

लोहार ठेवायचाच असेल, तर 'डार्क सोल्स 2' (2014) ची रीत उचला. तिथे बोनफायरवर, म्हणजे वाटेतल्या विसाव्याच्या शेकोटीजवळ, बसलं की झीज आपोआप भरून निघते. शस्त्र पूर्ण मोडलं तरच लोहार लागतो. म्हणजे ताण दोन बोनफायरच्या मधल्या वाटेवर राहतो आणि रोजची फेरी वाचते. याच गेममध्ये एक चूकही झाली होती. पीसीवर सेकंदाला 60 फ्रेमने खेळणाऱ्यांची शस्त्रं 30 वाल्यांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने झिजायची, विशेषतः मेलेल्या शत्रूच्या धडाला तलवार लागली की. झीज फ्रेमला बांधलेली होती. 2015 मध्ये पॅचने ते सुधारलं. तुमच्या कोडमध्ये एका वारात झीज एकदाच होते ना, हे आजच बघा:

```
if (target.alive && !swing.worn) {
    weapon.durability -= 1;
    swing.worn = true;
}
```

`swing.worn` नवा वार सुरू होताना `false` करायला विसरू नका, नाहीतर तलवार एकदा झिजल्यावर पुन्हा कधीच झिजणार नाही. मग फ्रेम 30 वर बांधून आणि 60 वर बांधून एकाच शत्रूवर वीस-वीस वार करा आणि झीज मोजा. दोन आकडे वेगळे आले, तर तुमच्या टेस्टरांची अर्धी तक्रार तिथलीच असू शकते. ते दुरुस्त करून त्याच लोकांना पुन्हा खेळवा, आणि या वेळी लोहार बंद ठेवून.