काठिण्य ठीक, पण भेदनक्षमता शून्याजवळ: प्रश्न काढायचा का?

*बोर्डाच्या धर्तीवर गणिताचा सराव पेपर काढला, 60 मुलांनी सोडवला. 3 गुणांच्या एका प्रश्नाचा काठिण्य निर्देशांक मध्यम आला, पण भेदनक्षमता जवळजवळ शून्य. प्रश्न काढून टाकू का? मॉडरेशनच्या शेऱ्यात काय लिहू?*

लगेच काढू नका. आधी त्या प्रश्नाची उत्तरं पुन्हा वाचा. माझ्या हातून असाच एक प्रश्न गेला होता, त्याचीच गोष्ट सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ केलेत.

प्रश्न होता: शंकूच्या तळाची त्रिज्या 5 सेमी, उंची 12 सेमी, तर पृष्ठफळ काढा. 60 मुलांचे 27 टक्के म्हणजे 16, म्हणून वरचे 16 आणि खालचे 16 वेगळे काढले. क्रम लावताना एकूण गुणांतून याच प्रश्नाचे गुण वजा केले, नाहीतर प्रश्न स्वतःच स्वतःची साक्ष देतो. वरच्या गटाला 48 पैकी 24 गुण, खालच्याला 22. काठिण्य निर्देशांक (24 + 22) ÷ 96 = 0.48. (नाव काठिण्य, पण आकडा वाढला की प्रश्न सोपा. नवीन माणूस इथे हमखास फसतो.) भेदनक्षमता (24 − 22) ÷ 48 = 0.04. साधारण 0.20 च्या खाली गेलं की प्रश्न पुन्हा बघायचा आणि 0.40 च्या वर चांगला, असा ढोबळ अंदाज मी धरतो.

नुसता 0.48 बघितला असता तर मी पुढे गेलो असतो. पण उत्तरं वाचली आणि उलगडा झाला. वरच्या गटातल्या 12 जणांनी तिरकस उंची 13 काढून एकूण पृष्ठफळ काढलं होतं, 90π. माझ्या नमुना उत्तरात होतं वक्रपृष्ठफळ, 65π. परीक्षकाने त्यांना तिरकस उंचीचा 1 गुण दिला आणि पुढे काट मारली. खालच्या गटातल्या 6 जणांना मात्र πrl एवढंच सूत्र पाठ होतं, ते वापरून त्यांनी पूर्ण 3 गुण घेतले. ‘पृष्ठफळ’ या शब्दाचा नीट विचार करणाराच मार खात होता. दोष मुलांचा नव्हता, गणिताचाही नव्हता. माझं वाक्य अर्धवट होतं.

दोन्ही अर्थ मान्य धरून फेरतपासणी केली. त्या 12 पैकी 10 जणांना 3 आणि आकडेमोडीत चुकलेल्या दोघांना 2 गुण मिळाले. वरच्या गटाची बेरीज 46 झाली. खालच्या गटात एकाचेच दोन गुण वाढले, 24 झाले. आता भेदनक्षमता 0.46 आणि काठिण्य निर्देशांक 0.73. म्हणजे आम्ही ज्याला मध्यम म्हणत होतो तो प्रश्न मुळात सोपाच होता. पेपरातलं सोपं-मध्यम-अवघडचं प्रमाण जुन्या आकड्यावर मोजलं असतं तर तेही चुकलं असतं.

शेऱ्यात ‘प्रश्न संदिग्ध’ एवढंच लिहिलंत तर पुढच्याला काहीच कळणार नाही. मी असं लिहिलं होतं: “‘पृष्ठफळ’ ऐवजी ‘वक्रपृष्ठफळ’ करावे. उत्तर π च्या रूपात ठेवावे असे प्रश्नातच सांगावे. तिरकस उंची 1, सूत्र व किंमती 1, उत्तर 1. तिरकस उंची चुकली पण पुढे तीच किंमत बरोबर वापरली तर दुसरा गुण द्यावा, तिसरा देऊ नये.” शेवटची सूचना सगळ्यात जास्त भांडणं वाचवते. 12 + 5 = 17 करून कोणी π × 5 × 17 लिहिलं, तर सूचना नसताना एक परीक्षक शून्य देतो, दुसरा दोन. आणि π ची किंमत सांगितली नाही तर कोणी 3.14 घेतो, कोणी 22/7. उत्तर 204.1 येतं किंवा 204.29, आणि नवखा परीक्षक त्यातलं एक चूक ठरवतो.

गुणदान स्पष्ट आहे का हे कागदावर वाचून कळत नाही. त्याच दहा उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, गुण न दाखवता, दोघांना तपासायला द्या. जिथे एका गुणाचा फरक पडेल ती पायरी नमुना उत्तरात मोडून लिहा.

भेदनक्षमता कमी आली म्हणून प्रत्येक वेळी प्रश्नच दोषी नसतो. 0.95 काठिण्याच्या पहिल्या सोप्या प्रश्नात दोन्ही गटांना जवळपास पूर्ण गुण मिळतात, तिथे फरक पडायला जागाच नाही. तो राहू द्या. 60 मुलांत तर दोन-तीन मुलं इकडची तिकडे झाली तरी आकडा हलतो, म्हणून 0.18 आणि 0.22 मध्ये भेद करू नका. ‘कोणतेही दोन सोडवा’ असलेल्या प्रश्नांचे आकडे तर एकमेकांशी लावूच नका. अवघड पर्याय बहुतेक हुशार मुलंच निवडतात आणि तो सोपा दिसायला लागतो. तिथे किती जणांनी कोणता पर्याय घेतला, हा आकडा आधी लिहा.