'ताशी दहा नॉट' म्हणावं का?

प्रश्न: "बातम्यांत कधी 'सागरी मैल' येतो, कधी 'नॉट', कधी 'ताशी ४० नॉट'. हे दोन्ही एकच का? मित्राच्या होडीवर मुंबईजवळचा सागरी नकाशा पाहिला, त्यावर किलोमीटरची पट्टीच नव्हती. अंतर आणि वेग किलोमीटरमध्ये कसे काढायचे?"

पट्टी होती. नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेला अक्षांशांचे आकडे असतात, तीच ती पट्टी. ती पट्टी म्हणून ओळखू आली नाही याचं कारण 'मैल' या शब्दात आहे. मैल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याकडेचा मैलाचा दगड येतो, १६०९ मीटरचा. सागरी मैलाचं त्याच्याशी फक्त नावापुरतं नातं. तो जमिनीवर मोजून ठरलेला नाही, तो कोनातून आला आहे.

पंचांग चाळणाऱ्यांना अंश, कला, विकला हे शब्द नवे नाहीत. एका अंशाच्या साठ कला. (शाळेत त्यांनाच आपण मिनिटं म्हणतो, आणि घड्याळातल्या मिनिटांशी घोळ घालतो.) विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना अक्षांश एका कलेने बदलायला जेवढं अंतर कापावं लागतं, तो सागरी मैल. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी असल्याने ही कला सगळीकडे सारखी भरत नाही: विषुववृत्तापाशी सुमारे १८४३ मीटर, ध्रुवापाशी सुमारे १८६२. वेगवेगळ्या देशांचे मैलही त्यामुळे थोडे वेगळे होते. ब्रिटिशांचा ६०८० फुटांचा, म्हणजे १८५३ मीटरच्या किंचित वर. १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत बरोबर १८५२ मीटर हा आंतरराष्ट्रीय सागरी मैल ठरला. आपल्या कोकण किनाऱ्यावर कला साधारण १८४५ मीटर भरते. मैलामागे सात मीटरचा हा फरक होडीवाल्याने विसरून जावा.

आता नॉट. शब्दाचा अर्थ खरोखरच 'गाठ'. शिडाच्या जहाजांवर दोरीच्या टोकाला लाकडाची एक फळी बांधून ती मागे पाण्यात सोडत. फळी पाण्यात जवळपास जागच्या जागी थांबे, जहाज पुढे जाई आणि दोरी हातातून सुटत राही. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचं छोटं घड्याळ रिकामं होईपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या, तितके नॉट. पुढे रूढ झालेलं माप असं: दोन गाठींत ४७ फूट ३ इंच, आणि घड्याळ २८ सेकंदांचं. गुणाकार करून पाहा. ४७ फूट ३ इंच म्हणजे १४.४ मीटर. २८ सेकंदांत १४.४ मीटर, तर तासाला सुमारे १८५१ मीटर. म्हणजे एक गाठ सुटली की तासाला एक सागरी मैल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सागरी मैल हे अंतर, नॉट हा वेग, आणि नॉटमध्ये 'तासाला' आधीच बांधलेलं आहे. म्हणून 'ताशी ४० नॉट' हे 'पिवळा पीतांबर' झालं. 'वाऱ्याचा वेग ४० नॉट' किंवा 'ताशी ४० सागरी मैल' म्हणावं. उलट बाजूने 'बंदरापासून १२ नॉटवर' हेही चुकीचं, कारण तिथे अंतर सांगायचं आहे. अनेकवचनी 'नॉट्स'ची मराठीत गरज नाही. आपण 'दहा किलोमीटर' म्हणतो तसं 'दहा नॉट' पुरतं. 'गाठ' असं भाषांतर मात्र मी करणार नाही. 'जहाज दहा गाठींनी निघालं' हे वाचून जहाज अडकल्यासारखं वाटतं.

किलोमीटरसाठी दोन्हींना १.८५२ ने गुणायचं. तोंडी हिशेबाला माझी रीत अशी: दुप्पट करा, त्यातून दहावा हिस्सा काढा, आणि मूळ आकड्यातल्या दर विसाला एक परत मिळवा. ४० नॉटचे ८०, वजा ८, अधिक २, म्हणजे ताशी ७४ किलोमीटर. जमिनीच्या सवयीने १.६ ने गुणाल तर ६४ येतील. आपल्या प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सव्वाबावीस किलोमीटरची, १.६ चा गुणाकार तीच हद्द जवळपास तीन किलोमीटर अलीकडे आणून ठेवतो.

नकाशावरचं अंतर एका उदाहरणाने पाहू. कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढचं प्रॉंग्ज दीपगृह आणि खांदेरी बेटावरचं दीपगृह (बेटाचं आताचं नाव कान्होजी आंग्रे) जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. डिव्हायडरचं एक टोक प्रॉंग्जवर, दुसरं खांदेरीवर ठेवा. पाय न हलवता तो उचलून नकाशाच्या उभ्या कडेवर, त्याच उंचीला, टेकवा. वरचं टोक १८ अंश ५२.७ कलांच्या आसपास पडेल, खालचं ४२.२ च्या. फरक साडेदहा कला, म्हणजेच साडेदहा सागरी मैल. वेगळं रूपांतर काही नाही. किलोमीटर हवे असतील तर साडेएकोणीस.

चूक होते ती आडव्या कडेवर डिव्हायडर टेकवल्याने. तिथे रेखांशाच्या कला असतात, आणि रेखावृत्तं उत्तरेकडे एकमेकांजवळ येत जातात. मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाची कला सुमारे १७५७ मीटरच भरते. तेच अंतर आडव्या कडेवर अकरा दिसेल, म्हणजे अर्धा मैल जास्त. 'त्याच उंचीला' हेही उगाच म्हटलं नाही. मर्केटर पद्धतीच्या नकाशात उभी पट्टी उत्तरेकडे ताणत जाते. बंदराच्या नकाशात ते जाणवत नाही, पण अख्खा पश्चिम किनारा एका कागदावर असेल तर गोव्याचं अंतर गुजरातसमोरच्या पट्टीवर मोजू नये.

नकाशाच्या मधोमध विखुरलेले आकडे मात्र खोलीचे. जुन्या नकाशांत ते फॅदममध्ये असतात, म्हणजे आपले कोळी ज्याला 'वाव' म्हणतात तेच माप, दोन्ही हात पसरून मोजलेलं, सहा फुटांचं. नव्या नकाशांत मीटर असतात. कोणतं माप आहे ते नकाशाच्या शीर्षकापाशी लिहिलेलं असतं, ते आधी वाचावं.

आता वेळ. होडी ८ नॉटने चालली तर साडेदहा भागिले आठ, म्हणजे एक तास एकोणीस मिनिटं. किलोमीटरमध्ये कराल तरी तेच येईल, फक्त अंतर आणि वेग दोन्ही बदलायला हवेत. अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग नॉटमध्ये ठेवून भागाकार केला की साडेएकोणीस भागिले आठ, जवळपास अडीच तास! मी स्वतः हे एकदा केलं आहे, आणि तांडेलाने काही न बोलता फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं.

शेवटची एक खोच जुन्या दोरीतलीच. ती फळी पाण्यात थांबे, जमिनीवर नव्हे, म्हणून गाठींनी मोजलेला वेग पाण्यातला असे. आजही होडीच्या तळाशी फिरणाऱ्या चक्रावर चालणारं वेगमापक पाण्यातलाच वेग दाखवतं, जीपीएस मात्र जमिनीच्या हिशेबाने. समोरून २ नॉटचा प्रवाह असेल तर चक्र ८ दाखवेल, जीपीएस ६, आणि खांदेरीला पोचायला पावणेदोन तास लागतील. नकाशावरचं अंतर जमिनीचं असतं, त्याला भागायचं ते जीपीएसच्या आकड्याने. त्याआधी पडद्यावर आकड्यापुढे `kn` आहे की `km/h` ते पाहून घ्यावं.