मामांच्या साठीचं गाणं

मामांच्या साठीला म्हणायला तू लिहिलेलं गाणं वाचलं रे. कुंद्याची ओळ ठेवच: 'बेळगावात घेतला अर्धा किलो, खानापुरात उतरला पाव'. हा किस्सा मामा स्वतःच हसत सांगतात, म्हणून चालतो. कमी ऐकू येण्याची ओळ मात्र काढ, ते त्यांच्या हातात नाही.

कुंदासुद्धा ध्रुपदात नको, कडव्यात घाल. ध्रुपद चारदा येतं. पहिल्यांदा गंमत वाटते, चौथ्यांदा टोमणा. शेवटच्या ओळीत उरलेला पाव पोरांत वाटणारे मामा दाखव.

मग मामींना एकट्यांना वाचून दाखव, चाल न लावता. चालीत बोचरा शब्द लपतो. त्या 'तसं काही नाही हं' म्हणाल्या, तर ओळ खोड. हसून आणखी एक खोडी सांगितली, तर तीच पुढच्या कडव्यात घे.