काकांना बोअरचा अहवाल समजावताना

प्रिय सहकारी,

अनेक आशीर्वाद. बालाघाटावरच्या त्या शेताचा अहवाल वाचला. मोजणी नीट झाली आहे, आलेखही स्वच्छ आहे. गुरुवारी तू तो घेऊन शेतमालक काकांकडे जाणार आहेस, म्हणून आधीच लिहितोय.

काकांच्या कामाचे आकडे तीन आहेत: खोली 190 फूट, आवक ताशी 3,000 ते 5,000 लिटर आणि पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांचं माप, 1,450. एकाच तक्त्यात छापल्यामुळे तिन्ही सारखेच पक्के वाटतात, पण तसे ते नाहीत. खोली आपण जमिनीवर बसून यंत्राने अंदाजली आहे. आवक शेजारच्या बोअरांवरून धरली आहे आणि ईसी तर चक्क शेजाऱ्याच्या पाण्याची आहे. कुठला आकडा कुठून आला, हे काकांना सगळ्यात आधी सांग. ते लाखाच्या घरातला खर्च करायला निघालेत, त्यांना हे कळायलाच हवं.

आता खोली. मीटर आणि ओहम-मीटर बाजूला ठेव आणि वरून खाली फुटांत सांग. तीस फुटांपर्यंत माती आणि मुरूम. तिथून ऐंशी फुटांपर्यंत मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र खडक, थोडा भेगाळलेला. काकांच्या जुन्या विहिरीला पाणी येतं ते याच थरातून. ऐंशीपासून साधारण एकशे पंचावन्नपर्यंत काळा पाषाण. त्यात पाण्याची आशा धरू नका, असं स्पष्ट सांग. त्याखाली रोधकता, म्हणजे खडकाचा विजेला होणारा विरोध, पुन्हा उतरते आणि आपण बोअर सुचवली ती या उतारावर भरवसा ठेवून.

हा उतार दोन कारणांनी येतो. खडक भेगाळलेला आणि ओला असेल तर येतोच, पण तिथे लाल गेरूचा थर असेल तरी येतो. गेरू चिकणमातीसारखा, त्यातून वीज सहज जाते, पाणी मात्र मिळत नाही. यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही. शिवाय जितकं खाली जावं तितकी आपली चूक वाढते, म्हणजे एकशे पंचावन्नचा थर एकशे चाळीसला लागेल किंवा पावणेदोनशेला. हे काकांच्या घरच्या ओट्यावरच बोलून घे. मशीन सुरू झाल्यावर त्या आवाजात कुणी कुणाचं ऐकत नाही.

थांबायचं कुठे, हेही त्याच बैठकीत ठरव. माझा सल्ला 195 फूट. एक तर आपल्या मोजणीत त्याखालचं भरवशाने काही दिसलेलं नाही. दुसरं, महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहीर ही ‘खोल विहीर’ धरली जाते आणि तिचे नियम वेगळे आहेत. 60 मीटर म्हणजे 197 फूट. दोनशेला पाणी लागलं नाही की गाडीवाला म्हणेल, ‘काका, अजून शंभर फूट जाऊ, इथवर आलोच आहोत.’ खोलीबरोबर फुटाचा दरही चढतो, आणि पुढचे शंभर फूट पूर्णपणे आंधळे असतात. आकडा आधी कागदावर असला की काकांना नाही म्हणता येतं.

मशीन चालू असताना तू तिथे थांब. एक रॉड वीस फुटांचा असतो, तेव्हा रॉड मोजलेस की खोली कळते. दर दहा फुटांना भुकटीची एक मूठ ओळीने मांडून ठेव. राखाडी कोरडी भुकटी म्हणजे पाषाण. ती ओलसर होऊन गोळे पडायला लागले की फूट लिही. विटकरी लाल चिखल आला तर गेरू लागला. तिथे पाणी वाढलं का, तेवढंच बघ.

आवकीच्या आकड्यावर सर्वात जास्त वेळ दे, कारण सगळी बाग त्यावर उभी राहणार आहे. गावात पाणी इंचात सांगतात आणि घोटाळा तिथेच होतो. कुणी दोन इंची पाइप भरून पाणी म्हणतं, कुणी पत्र्याच्या व्ही-नॉचवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची, दोन इंच. नव्वद अंशांच्या नॉचवर एक इंच म्हणजे ताशी सुमारे 500 लिटर. दोन इंच म्हणजे हजार नव्हे, तर जवळजवळ 2,900, आणि तीन इंच म्हणजे 8,000 च्या आसपास. त्यामुळे अर्ध्या इंचाची बढाई हिशोब पार बदलून टाकते. पट्टी स्वतः लाव.

त्यातही बोअर मारताना हवेच्या जोरावर उडणारं पाणी हे भेगांमध्ये साठलेलं पाणी असतं. टिकाऊ आवक त्याहून कमी निघते. आपल्या 3,000 ते 5,000 मागच्या तिन्ही शेजारच्या बोअरा डिसेंबरात मोजलेल्या आहेत, हे तुझ्याच टिपणात आहे. काकांना मे महिन्याचा हिशोब दाखव: ताशी 1,500 धर, वीज सहा तास धर, म्हणजे रोज 9,000 लिटर. एका एकरावर 4 मिलिमीटर पाणी द्यायचं तर 16,000 लिटर लागतात. झाडं लहान असताना आणि ठिबकवर याहून कमी भागतं, पण काकांच्या मनातली तीन एकर मोसंबी या बोअरवर मोठी झाल्यावर जगणार नाही. एका एकरापासून सुरुवात करा, असं सांग. त्यांना ते आवडणार नाही, तरी सांग.

पंप बसला की चाचणी साध्या ड्रमने घे. 200 लिटरचा ड्रम सुरुवातीला तीन मिनिटांत भरला तर ताशी 4,000. चार तास पंप चालवून पुन्हा भर. सहा मिनिटं लागली तर खरा आकडा 2,000, आणि पंप त्याच मापाचा हवा. मोठा पंप पाणी वाढवत नाही, तो बोअर उपसून कोरडा चालतो आणि जळतो.

पाण्याच्या दर्जाबद्दल थोडक्यात. शेजाऱ्याच्या नमुन्यात ईसी 1,450 आहे. 750 ते 2,250 हा क्षारांचा चढा वर्ग, पण निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत चालून जातो. मला जास्त काळजी आरएससीची, म्हणजे पाण्यातल्या उरलेल्या सोडियम कार्बोनेटाची, वाटते. तो 1.9 आहे, आणि 1.25 ते 2.5 ही सीमारेषा. काकांच्या खालच्या अंगाला भारी काळी जमीन आहे. तिथे हे पाणी वर्षानुवर्षं दिलं तर सोडियम साचून माती चोपण होऊ शकते. म्हणून बाग वरच्या मुरमाड तुकड्यात घ्यायला सांग आणि माती दर दोन-तीन वर्षांनी तपासायला लाव. नायट्रेट 62 आहे, पिण्यासाठीची मर्यादा 45. हे पाणी तान्ह्या बाळाला अजिबात द्यायचं नाही, आणि उकळून नायट्रेट जात नाही हेही सांग, कारण घरातल्या बायका पहिल्यांदा तेच विचारतील. नायट्रेट बहुधा गोठ्याच्या आणि खताच्या बाजूने वरून उतरतं. म्हणून केसिंग मुरूम संपवून पक्क्या खडकात पाच फूट घुसवायचं आणि भोवतीची पोकळी तोंडाशी सिमेंटने बुजवायची. जागा गोठ्यापासून लांब आहे ना, ते जाशील तेव्हा बघ.

हा सगळा दर्जा शेजाऱ्याचा आहे, म्हणून काकांचा स्वतःचा नमुना घ्यायचाच. पंप तासभर चालू दे, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, काठोकाठ भर आणि लगेच प्रयोगशाळेत दे.

आणि 195 फुटांवर बोअर कोरडी निघाली तर गाडी हलायच्या आत तोंडावर टोपी बसवून वेल्डिंग करून घे, काका नंतर करू म्हणाले तरी. पोरं त्या बांधावर खेळतात.

तुझा
सर