पोस्टरची स्लाइड करताना

पाच मिनिटांच्या सादरीकरणासाठी तू काल दाखवलेस ते संशोधनाचे पोस्टर तसेच स्लाइडवर चिकटवू नकोस. उभे ए-झीरो मापाचे पोस्टर 1189 मिलिमीटर उंच असते, स्लाइड जेमतेम 190. म्हणजे पोस्टरवरचा 28 पॉइंटचा मजकूर साडेचार पॉइंटचा होतो. शेवटच्या रांगेत कोणाला वाचता येणार?

पोस्टरचे रकानेही क्रमाने उचलू नकोस. पोस्टर वाचणारा हवा तिथे थांबतो, इथे वेळ तुझ्या हातात आहे. पाच मिनिटांत पाच-सहा स्लाइड पुरतात. ‘पद्धत’ हा रकाना एका नकाशात संपव: ठाणे खाडीतल्या तुझ्या चार जागा, बस्स.

खरे काम आलेखाचे. तुझ्या आकृतीत चार जागांचे चार चौकोन आहेत. पोस्टरच्या पीडीएफमधून ते कापलेस तर अक्षांवरचे आकडे बारीकच राहतील. म्हणून मूळ डेटावरून स्लाइडच्या मापात आलेख पुन्हा काढ, आकडे निदान 18 पॉइंटचे ठेव. आधी एकच जागा दाखव, अक्ष समजावून सांग. पुढच्या स्लाइडवर त्याच अक्षांवर बाकीच्या तीन रेषा आण. उभ्या अक्षाची मर्यादा दोन्हीकडे सारखीच हवी; सॉफ्टवेअर ती आपोआप बदलते आणि छोटा फरक मोठा भासतो. मी स्वतः यात फसलोय, तेही प्रश्नोत्तरांत! रंगांची यादी कोपऱ्यात नको, जागेचे नाव रेषेच्या टोकाशीच लिही.

मथळ्यात ‘निष्कर्ष’ऐवजी काय सापडले तेच वाक्य घाल. संदर्भसूची पोस्टरवरच राहू दे.