शिवलेली नस आणि बधिर करंगळी

“माझे यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. चार महिन्यांपूर्वी काच लागून मनगटाच्या वर त्यांची नस कापली गेली. त्याच दिवशी ऑपरेशन करून ती शिवली, पण करंगळी अजून बधिरच आहे. माझ्या दिरांच्या पाठीच्या कण्याला मार लागला, त्यांचे पाय पुन्हा हललेच नाहीत. यांचंही तसंच होणार का?”

सोलापुरातल्या या ताई यजमानांना घेऊनच समुपदेशनाला आल्या होत्या. त्यांचे यजमान फार बोलत नव्हते. पण मागावर तुटलेला धागा सांधला की माग लगेच चालू होतो, मग नस शिवूनही बोट का चालत नाही, एवढे त्यांनी विचारले. त्यांची खरी घालमेल इथेच होती. ही नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, तर मज्जातंतूंची जुडी. शल्यचिकित्सक टाके घालतात ते नसेच्या बाहेरच्या आवरणाला. आतले हजारो तंतू टाक्याने जुळत नाहीत. प्रत्येक तंतू म्हणजे पाठीच्या कण्यात किंवा त्यालगत असलेल्या एका पेशीचा लांबलचक फाटा असतो, आणि पेशीपासून तुटलेला भाग जगू शकत नाही. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवले, म्हणून या ऱ्हासाला त्यांचे नाव आहे. कापल्यानंतर काही दिवसांतच जखमेपासून बोटाकडचा सारा तंतू तुकडे होऊन विरघळतो. करंगळी बधिर राहण्याचे कारण ते आहे, आणि टाका कितीही उत्तम असला तरी हे टळत नाही.

मात्र हा ऱ्हास म्हणजे पुढच्या वाढीची तयारीही असते. तंतूंना वेष्टण देणाऱ्या, श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून ओळखल्या जाणाऱ्या श्वान पेशी आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशी मिळून काही आठवड्यांत मोडतोड साफ करतात. नंतर श्वान पेशी रिकाम्या नळ्यांमध्ये रांगेने उभ्या राहतात, वाढीला पोषक द्रव्ये सोडतात, आणि वरच्या टोकाला फुटलेले कोंब त्या रांगा धरून पुढे सरकतात. त्यांचा वेग दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर असतो.

त्यांच्या हातावर आम्ही टेपने मोजले. जखम मनगटाच्या 8 सेंटिमीटर वर होती आणि तिथून करंगळीच्या टोकापर्यंत सुमारे 22 सेंटिमीटर अंतर भरले. सुरुवातीचा महिनाभर कोंब टाका ओलांडण्यात जातो असे धरले, तर चार महिन्यांत ते 9 सेंटिमीटर पुढे, म्हणजे तळहाताच्या उंबरठ्यावर असणार. टोक गाठायला इजेपासून आठ महिने किंवा त्याहून अधिक लागणार. चौथ्या महिन्यात करंगळी बधिर असणे हे या हिशेबात बसते.

हिशेब बरोबर आहे की नाही हे पाहण्याची खूणही आहे. फिजिओथेरपिस्टने तळहातापासून वर कोपराच्या दिशेने नसेवर बोटाने हलकेच टिचक्या मारल्या. मनगटाच्या घडीच्या जरा खाली आल्यावर यजमानांनी हात झटकन मागे घेतला. करंगळीत करंट गेल्यासारखे वाटले, असे ते म्हणाले. महिन्यापूर्वीच्या नोंदीत हीच जागा घडीच्या दोन बोटे वर होती. ही जागा महिन्यागणिक पुढे सरकणे महत्त्वाचे असते. ती तीन-चार महिने टाक्यावरच अडून राहिली, तर तिथे तंतूंची गाठ झाली असण्याची शक्यता असते आणि शल्यचिकित्सकांना लगेच दाखवावे लागते, कारण स्नायू अनंत काळ वाट पाहत नाहीत. साधारण वर्ष-दीड वर्ष नस पोहोचली नाही तर ते इतके सुकतात की नंतर तंतू येऊनही उपयोग होत नाही. हीच नस काखेत कापली असती, तर हाताच्या पंज्यातले स्नायू परत येण्याची आशा मी त्यांना दाखवली नसती. मनगटापाशी अंतर थोडे असल्याने आशेला आधार आहे, तरी सगळे तंतू आपापल्याच नळीत शिरत नाहीत, त्यामुळे स्पर्श आणि बारीक कामाची पकड पूर्वीसारखी होईलच असे नाही.

दिरांची गोष्ट वेगळी आहे. मेंदू आणि कण्यातल्या मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथे तंतूंना वेष्टण देणाऱ्या पेशी सफाईला हातभार लावत नाहीत, मोडतोड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते, त्या वेष्टणातले काही घटक वाढ रोखतात आणि जखमेभोवती व्रणाची भिंत उभी राहते. शिवाय तिथल्या प्रौढ पेशींची वाढण्याची स्वतःची उमेदही कमी असते, पण ती शून्य नसते. 1981 मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा तिथले तंतू त्या तुकड्यात लांबवर वाढले. पुन्हा मज्जारज्जूत शिरताच मात्र थांबले. यातून दिरांसाठी आज उपचार मिळत नाही, हे मी ताईंना स्पष्ट सांगितले. कण्याच्या इजेनंतर काहींना जी सुधारणा दिसते, ती बहुतांशी वाचलेल्या तंतूंच्या बळावर असते.

तोवर करंगळीला चटका कळणार नाही, म्हणून गरम चहाचा पेला आणि तवा दुसऱ्या हाताने धरणे, बोटे आखडू नयेत म्हणून दिलेला पट्टा रोज लावणे आणि सांधे हलते ठेवणे, एवढे त्यांनी मान्य केले. पुढच्या महिन्यात टिचकीची जागा पुन्हा मोजून त्याच कागदावर लिहायची आहे.